तिच्या कार्डावरचे कमिट

आमचे बाबा इचलकरंजीत मागावर होते आणि युनियनची पत्रकं वाटायचे. उरलेले गठ्ठे घरी यायचे. कपाटाच्या फळीवर पत्रकं, डब्यांखाली पत्रकं. मी अक्षरं पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली आणि छापील बाजू वाचत मोठा झालो. त्यामुळे अन्यायाचं एक सोपं चित्र डोक्यात बसलं होतं: वर मालक, खाली आपण सगळे.

मी ज्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो ती कसबा बावड्यात एका दुकानाच्या वर आहे. उसाच्या हंगामात खिडकी उघडली की साखर कारखान्याच्या मळीचा वास थेट टेबलापर्यंत येतो. पुण्याच्या एका क्लायंटच्या कामावर आम्ही चौघं होतो. आमचा टीम लीड, ज्याला सगळे दादा म्हणतात. मी. एक नवीन मुलगा. आणि गडमुडशिंगीहून रोज बसनं येणारी ती. बिलिंगचा सगळा भाग तिनं लिहिला होता.

करार संपला तसा क्लायंटनं कोड आपल्या ताब्यात घेतला आणि आमचा प्रवेश बंद केला. नवा करार तिघांचाच होणार होता. चौथं कोण गळणार, हे क्लायंटला कामाच्या आकड्यांवरून ठरवायचं होतं.

कंपनी चालवणाऱ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"व्हॉट्सॲप बघ. त्यांनी काँट्रिब्युटर्सच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवलाय. कुणाचे किती कमिट आणि सगळ्यात जास्त काम कुठल्या दिवशी झालं, एवढं टेबल करून दे. दुपारपर्यंत."

चित्र उघडलं. वर सगळ्यांच्या कामाचा एक मोठा आलेख, खाली प्रत्येकाचं छोटं कार्ड. कार्डावर कमिटचा, म्हणजे कोडमध्ये किती वेळा काम जमा केलं त्याचा आकडा, शेजारी हिरव्यात वाढवलेल्या आणि लाल रंगात काढलेल्या ओळी. ज्याचे कमिट जास्त त्याचं कार्ड आधी. पहिलं दादाचं, कुणाच्याही डोळ्यात भरावं इतक्या मोठ्या आकड्याचं. मग माझं, मग नव्या मुलाचं. शेवटचं तिचं. व्हॉट्सॲपनं चित्र इतकं दाबलं होतं की तिचा आकडा अठरा आहे की तेरा, हे मोठं करूनही कळेना. कुठलाही धरला तरी ती शेवटचीच.

का, हे मला माहीत होतं. तिची शेवटची बस लवकर सुटते. ती दिवसभराचं काम आपल्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर, टाकून निघायची. मग दादा आपल्या मशीनवर तिचे सगळे कमिट दाबून एकच कमिट करायचा आणि मुख्य ब्रँचमध्ये घालायचा. क्लायंटला इतिहास स्वच्छ हवा होता म्हणून. पण असं केलं की जो शेवटचा कमिट करतो, लेखक म्हणून नाव त्याचं लागतं. आणि हा आलेख मुख्य ब्रँचच मोजतो. तिच्या कार्डावर होते ते सुरुवातीचे, ही पद्धत सुरू होण्याआधीचे.

मी सरांकडे गेलो. "सर, दिवस न्हाई सांगता येत. आलेखातला एक ठिपका म्हणजे एक आठवडा. कुठला आठवडा जोरात होता एवढंच दिसतंय. त्यातला मंगळवार का शनिवार, ते चित्रात न्हाईच."

"मग अंदाजानं लिही."

"अंदाज कशाचा, सर?"

"तू लई प्रश्न विचारतोस बघ. पत्रक छापायला बसलायस का टेबल करायला?"

दादा चहाच्या टपरीवर होता. मी तिथं गेलो आणि सरळ म्हणालो, "दादा, बिलिंगचे सगळे कमिट तुझ्या नावावर हायत. सांग की सरांना."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "तुझं काय जातंय रं? तुझा आकडा बरा हाय की."

"तिचं जातंय."

"आणि मी सांगितलं तर? माझे खरे किती निघतील? मी वर्षभर लोकांचं काम जोडत बसलोय. ते कुठं मोजतंय हे चित्र?"

पत्रकात असा माणूस कधी नव्हता. तो मालक नव्हता आणि खोटंही बोलत नव्हता. तिला वाचवायचं तर त्याला ढकलायचं.

जिन्यात ती भेटली. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"माझ्यासाठी मोर्चा काढू नकोस," ती म्हणाली.

"मग गप बसू?"

"गप बसायला तुला येतंय व्हय? मी एवढंच म्हणते, दादाला खाली पाडून मला वर बसवू नकोस. तेबी मला जमणार न्हाई."

"मग लिहू काय?"

"जे दिसतंय ते लिही. न्हाई दिसत ते न्हाई म्हण."

मी तसंच केलं. तीन आकडे सरळ लिहिले. तिच्या आकड्यापुढे 'अठरा किंवा तेरा, चित्र अस्पष्ट' असं लिहिलं. दिवसाचा रकाना मोकळा सोडला आणि खाली टीप दिली: चित्रात फक्त आठवडे दिसतात, आमच्याकडे अनेकांचं काम एकाच्या कमिटमध्ये जोडलं जात असल्यानं कुणी किती काम केलं, हे यावरून ठरवता येणार नाही. कुणाचंच नाव टिपेत घेतलं नाही.

सरांनी टीप काढली. तेरा ठेवले. मोकळ्या रकान्यात सगळ्यांपुढे 'सोमवार' भरलं आणि माझ्यादेखत पाठवून दिलं.

मी जागेवर आलो आणि माझ्या मेलवरून, क्लायंटकडून आमचं काम बघणाऱ्या बाईंना तीच टीप जशीच्या तशी पाठवली.

संध्याकाळी त्यांनी कॉल लावला. आम्ही सगळे एका स्क्रीनपुढे दाटीनं बसलो होतो. "टीप वाचली," त्या म्हणाल्या. "बिलिंग कुणी केलं?"

मी दादाकडे बघत नव्हतो, मुद्दाम. मग त्याचाच आवाज आला. "तिनं केलंय, मॅडम. मी नुसतं जोडलंय."

"बरं झालं सांगितलंत. मग दोघांचे बरोबर आकडे पाठवा."

"कशावरून, मॅडम?" मी विचारलं. "आमचा प्रवेश बंद आहे. या चित्रात ते नाहीतच. तुमच्याकडं तिच्या ब्रँच असतील तर तुम्हीच मोजू शकाल."

"मुख्य ब्रँचमध्ये घालून झालेल्या ब्रँच आम्ही पुसून टाकल्या. मग चित्रातलेच राहू देत. तिघं कोण ते मला आज वर कळवायचं आहे."

कॉल संपला. ती उठली, चार्जर गुंडाळला आणि पिशवीत टाकला. दादा म्हणाला, "मी सांगितलं की गं." ती म्हणाली, "ऐकलं की मी," आणि बस गाठायला निघून गेली.

सरांनी तिला दुसऱ्या कामावर टाकलं, चाचणीच्या, कमी पगारावर. बिलिंग माझ्याकडे आलं. नव्या करारात प्रवेश परत मिळाल्यावर मी पहिल्यांदा त्या फायली उघडल्या. प्रत्येक ओळीच्या कडेला दादाचं नाव. एका ठिकाणी परताव्याचं गणित चुकत होतं आणि ते मला दोन दिवस सुटलं नाही. शेवटी तिला फोन केला. तिनं कोड न बघता, घरी भाकऱ्या करता करता, ओळ न् ओळ सांगितली. मी टाइप करत गेलो.

कमिट करताना मी लेखक म्हणून तिचं नाव आणि तिचा मेल घातला. कोडचा हिशेब ठेवणारं गिट तेवढं करू देतं; हातानं जमा करणारा मी, लिहिणारी ती. ओळी तिच्याच होत्या.

पुढच्या वेळी पान उघडलं तेव्हा तिच्या कार्डावरचा आकडा एकानं वाढला होता. स्वच्छ दिसत होता: एकोणीस. आधी अठराच होते, हेही त्यावरून कळलं.

सरांचा मेसेज आलाय: 'हे काय? ती या कामावर नाही. काढ ते.' मी अजून काढलेलं नाही. त्यांच्या मोबाइलवर मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या असतील, म्हणजे मी वाचलंय हे त्यांना माहीत आहे.