आवडे छे?

लोटूला भूतांची भीती नव्हती, पोलिसांची नव्हती. त्याला भीती होती ती भूपेंद्रभाईच्या एका प्रश्नाची. भेस्तानजवळच्या रंगाई मिलमध्ये, कामावर माणसं घेणाऱ्या भाईच्या केबिनबाहेर बाकावर बसून तो पुन्हा त्याच प्रश्नाची वाट बघत होता.

गेल्या वर्षी याच केबिनमध्ये, गालात पान दाबून भूपेंद्रभाईने विचारलं होतं, "गुजराती आवडे छे?"

लोटूला वाटलं, वा, किती प्रेमळ माणूस! तो छाती फुगवून म्हणाला, "हो साहेब, खूप आवडे!"

आवडे म्हणजे 'येते का' हे कळायला अर्धा तास लागला. तेवढ्यात भाईने त्याला गोदामात पिटाळलं होतं, "लीलो ताको लाव!" लोटूने धावत जाऊन कापडाचा निळा ताका आणून ठेवला. लीलो म्हणजे हिरवा. व्यापारी समोर बसलेला. भाईने कपाळावर हात मारला, "अरे भाई, आवडे कहीने आव्यो, ने कंई आवडतुं नथी!" आणि लोटू बाहेर.

या खेपेला बाहेर पडला, तर पुढे यंत्रमागांचं लूमखातं होतं. बाप गणपत बारा-बारा तास मागांमध्ये उभा राहून कानाने गेला होता. घरात हाक मारली तर "आं?" म्हणायचा, आणि दारात कुणी नसताना "आलो, आलो" म्हणून उठायचा. "दिवाळीनंतर तुला माझ्या शेजारच्या मागावर लावतो," असं त्याने सांगून टाकलं होतं. मिलच्या डिस्पॅच खात्यात दिवसपाळी होती. आणि कान शाबूत राहत होते.

अर्ज लिहिताना शेजारचे रघुनाथकाका दबक्या आवाजात म्हणाले होते, "मागचं काढूच नको रे. नवा गडी म्हणून जा. कोणाला आठवतंय?"

"आन् आठवनं तर?" आई सुभद्राबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "खोटं सापडनं ते दार कायमनं बंद. खरं लिख. वरीसभर काय करं, तेबी लिख."

त्याने लिहिलं. मागच्या वर्षी आपल्याकडे डिस्पॅचसाठी आलो होतो, गुजराती येत नसल्यामुळे घेतलं नाही. त्यानंतर पर्वत पाटियाच्या साडीच्या गोदामात काम केलं, गुजराती चिठ्ठ्या वाचून माल लावतो. शेठचा दाखला जोडला आहे. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. आपल्याच हाताने मिलला आपल्या फजितीची आठवण करून दिली!

"लोटू गणपत! अंदर आव!"

केबिनमध्ये तेच पान, तीच खुर्ची. भूपेंद्रभाईने अर्ज वाचला, दाखला उलटा-सुलटा केला आणि चष्म्यावरून बघितलं. "तूं पेलो नीळावाळो?"

लोटूने मान डोलावली. "हो... हा भाई. तोच."

"लखीने आप्युं छे पाछुं!" अर्जातल्या त्या ओळीवर बोट ठेवून भाई हसला की खोकला, कळेना. मग तो प्रश्न आलाच. "तो हवे? गुजराती आवडे छे?"

"थोडी आवडे," लोटू म्हणाला, "घणी गमे. आणि... न समजाय तो पूछुं छुं."

गमे म्हणजे आपल्या मराठीतलं आवडणं; हा फरक ऐकून भाईचं पान थांबलं. तेवढ्यात प्रिंटिंगचा मास्टर दाराशी आला. गोरखपूरकडचा माणूस, आवाज भोंग्यासारखा. "भाईजी, वो भूरा वाला ताका भेजिए!"

"सांभळ्युं ने?" भाई लोटूला म्हणाला. "जा, लई आव."

लोटू गोदामाच्या दारापर्यंत गेला आणि जागीच थिजला. समोर निळा ताका. शेजारी तपकिरी. गुजरातीत भूरो म्हणजे निळा, हे तो वर्षभरात पक्कं शिकला होता. पण बोलला होता मास्टर, आणि मास्टरच्या हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी. परत जाऊन विचारलं तर म्हणतील, याला अजून काही येत नाही. न विचारता नेला तर पुन्हा तेच. कानात मागांचा खडखडाट सुरू झाला. बापाचा "आं?" ऐकू आला.

आईचं नेहमीचं बोलणं आठवलं: "इचारामा तुनं काय जास?"

तो केबिनमध्ये परत आला. "भाई, माफ करजो. तमारो भूरो के मास्टरनो भूरा?"

मास्टर भाईकडे बघतो, भाई मास्टरकडे. मग मास्टर पोट धरून म्हणाला, "अरे कत्थई, भाई! कत्थई!"

भूपेंद्रभाईने हळूच पिंकदाणी ओढली. "गये अठवाडिये," तो मास्टरला म्हणाला, "आ ज भूल कोणे करी हती?" मास्टर चपापून छताकडे बघू लागला.

लोटूने तपकिरी ताका आणला.

"सोमवारथी आवजे," भाई म्हणाला.

लोटू दारात थांबला. भीती काही एका वाक्याने जात नाही; येत्याच सोमवारपासून ना, हे पक्कं करायला हवं होतं. "भाई, आवता सोमवारथी ने?"

"हा भाई, आवता!" भाई ओरडला. "हवे जा, नहीं तो ए पण पूछीश के कया वरसना!"