दावं बदललेली शेळी

सिंधूबाई धनगरणीचे गुडघे जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला पोचेपर्यंतच कुरकुरायला लागत. निजामाच्या अंमलात चराईचा पैसा भरायचा, मेंढरं हाकत न्यायची, मरतुकडी पिल्लं काखोटीला मारून चार-चार कोस चालायचं, यात बाईची साठी कधी आली ते तिलाच कळलं नव्हतं. बाजारात मात्र तिचा शब्द चाले. खोडीचं जनावर ती खोड सांगून विकी. तरीही लोक तिच्याकडूनच घेत, आणि दुसऱ्या विकणाऱ्यांच्या पोटात त्यामुळे दुखे.

त्या बाजारी ती नुकती टेकली होती, तोच शकूबाई आली. एका काखेत महिन्याभराचं लेकरू, दुसऱ्या हातात शेळीचं दावं. शेळी सिंधूबाईचीच, मागच्या बाजारी विकलेली. जुनी मालकीण दिसताच ती ओरडायला लागली.

"घ्या तुमची शेळी, अन् द्या माझे रुपये," शकूबाई म्हणाली. "लाथा झाडून राहिली. वाटीभर बी दूध न्हाई. सून बाळंतपणात गेली, शेजारीण एक वेळ पाजते, ती बी परवा सासरी चालली. या लेकराला मी काय पाजू?"

लेकराचा रडण्याचा आवाजही बारीक झाला होता. खरं सांगायचं तर सिंधूबाईला ती शेळी परत हवीच होती. हातावर वाढवलेली, चराईसाठी नाइलाजाने विकलेली. आणि रुपये? ते तर सरकारात भरून झाले होते.

"बस माय आधी," ती म्हणाली. "पाणी पी. तू खोटं बोलून राहिली न्हाईस, हे मला दिसतंय. पर आपल्या बाजाराची रीत तुला ठाऊक हाय. मी माझं दावं सोडलं, तू तुझं बांधलं. दावं बदललं की जनावर परत घेत न्हाईत. आज तुझं घेतलं, तर उद्या कुणी बी आठ दिस दूध पिऊन शेळी आणून बांधील. मंग आमी गरिबांनी विकायचं कसं?"

"मंग लेकरू मारू का?"

"तसं काहून म्हणतीस? रुपये न्हाई देत, पर दूध काढून देते. चल, तुझ्या गावाला येते."

वाटेत सिंधूबाईने एवढंच विचारलं, "पिलू सोबत ने म्हणलं होतं, काहून न्हाई नेलंस?"

"दूध तेच पिऊन टाकील, असं वाटलं," शकूबाई खाली मान घालून म्हणाली. चूक साधीच होती, पण पिलू आता कुठून आणायचं? आईवाचून जगणार नाही म्हणून सिंधूबाईने ते त्याच दिवशी खाटकाला विकून टाकलं होतं. तिला आता स्वतःचाच राग आला.

गाव दोन कोसांवर होतं. पोचली तेव्हा सिंधूबाईचे पाय भरून आले होते. तरी बसली नाही. अंगणात शेळी बांधली, ओंजळभर भरडा घातला, आणि कास धरली. ओळखीचा हात लागताच शेळी पान्हावली. तांब्यात धार वाजली तशी शकूबाई रडायला लागली.

"रडू नको, हे खरं न्हवं," सिंधूबाई म्हणाली. "मला देती, तुला न्हाई देत. तू बस."

शकूबाई बसली. शेळीने लाथ झाडली, तांब्या कलंडला. मग सिंधूबाईने खांद्यावरचं घोंगडं काढलं. याच घोंगड्यात तिने त्या शेळीची तिन्ही वेतं झेलली होती, ओली पिल्लं गुंडाळून आणली होती. ते तिने शकूबाईच्या अंगावर टाकलं आणि डोक्यावरून ओढलं.

शेळीने घोंगडं हुंगलं. एकदा, दोनदा. मग चाटायला लागली. शकूबाईच्या बोटांखाली हळूच धार सुटली.

"महिनाभर हेच पांघरून बस. पुढं तुझा हात वळखील. दूध उकळून, पाणी घालून पाज."

"अन् तुमी थंडीत काय पांघरणार?"

"मेंढरात निजते की मी, ऊब असते."

लेकराच्या तोंडात चमच्याने दूध पडलं. ते मिटक्या मारायला लागलं, तेव्हा सिंधूबाई अंगणाच्या कुडाबाहेर सरकली. आता शेळी ओरडली, जीव तोडून. सिंधूबाईला वळून बघावंसं फार वाटलं. पण आपण दिसलो की ही पान्हा चोरणार, हे तिला पक्कं माहीत होतं. दुखरे पाय ओढत ती सरळ चालत राहिली, आणि शेळीचा आवाज ऐकू यायचा थांबल्यावरच बांधावर बसून रडली.