अळणी भाकरी

माझा बाप बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात दोन महिने पडून होता. मूत्रपिंडाची सूज. सकाळी डोळे उघडत नसत, नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राही. डॉक्टरांनी बजावलं होतं: मीठ बंद, डाळ थोडी, पाणी मोजून. सोबतीला मी होते. जेवण देऊळघाटहून माय आणायची, दर चौथ्या दिवशी, बैलगाडीनं.

ती ज्वारीच्या पातळ भाकरी तव्यावर कडक करायची आणि पार निवल्यावरच फडक्यात बांधायची. ऊन बांधली तर घाम सुटतो, बुरशी येते. सोबत लाह्या, साखर. भात मी व्हरांड्यात तिथल्या तिथं शिजवायची. लोणचं-पापडाचं नाव नाही. माझ्या भाकरीचं गाठोडं वेगळं.

तरी सूज उतरेना! डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "मीठ कोण देतं?" मी देवाची शपथ घेतली. मनात म्हटलं, मेल्या, तूच औषध बदल ना!

एकदा माझी भाकरी संपली, म्हणून बापाच्या गाठोड्यातला तुकडा मोडला. जिभेला मीठ लागलं.

"बा, यात मीठ हाय."

"हाव," बाप म्हणाला. "पयल्या दिवसापासून."

"मंग खाल्ली काऊन?"

"तुही माय एवढ्या दुरून आणते. तिले नोको सांगू."

असा राग आला दोघांचा! एक चिमूट सोडत नाही, दुसरा जीव गेला तरी तोंड उघडत नाही.

माय आली तशी मी व्हरांड्यातच तिला अडवलं. "तुले मारायचं हाय का त्याले?"

तिनं गाठोडं खाली ठेवलं. "अळणी सुतकात खातेत वं," ती म्हणाली. "जित्या मानसाले कशी देऊ? पीठ भिजवतानी हात आपसूकच मिठाकडे जाते."

आमच्याकडे माणूस गेलं की दहा दिवस अळणी खायचं. तिनं सासू-सासऱ्यांपायी खाल्लं होतं, दोन लेकरांपायीही. मला माहीत होतं, पण तोंडातून शब्द निघून गेले होते. फार वाईट वाटलं.

त्या दिवशी तिनं माझ्याच चुलीवर भाकरी केली. पिठाला फक्त पाणी. उजवा हात पदरात गुंडाळून डाव्यानं परात धरून बसली थोडा वेळ, मग थापली. ताटलीत घेऊन बापाजवळ गेली आणि आधी स्वतः घास घेतला. चावता चावता रडत होती.

बापानं उरलेली ओढून घेतली. "रडू नोको," म्हणाला. "म्या जिता हाय. दे."

बाप खाऊ लागला, आणि माय त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, शेवटचा घास गिळेपर्यंत.