शिट्टी मारणारं मशीन आणि पूर्ण झालेला रिफंड

आमच्या विट्याकडच्या घरांची एक रीत आहे. घरातला एक भाऊ लांबच्या शहरात सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकतो आणि गावाकडं चमचा जरी घ्यायचा झाला तरी ऑनलाइन पैसे तोच भरतो. मग आपण त्याला हिशोबानं रोख पोचती करायची, गावाला आलेल्या कुणाच्या तरी हातून. माझा दादा तमिळनाडूत गलाईच्या धंद्यात आहे. आईसाठी कानाचं मशीन मी माझ्या मोबाइलवरून मागवलं, पैसे भरले ते त्यानंच, त्याच्या क्रेडिट कार्डावर. तेवढी रोख मी गावाला आलेल्या एका पाव्हण्याच्या हातून त्याला धाडली. तेवढ्यावर विषय संपला, असं आम्हा दोघांना वाटलं.

आईला ऐकू येणं एवढं बंद झालं होतं, की वरातीतला डॉल्बी घराच्या भिंती हलवून गेला तरी ती म्हणायची, "आज लय शांत हाय बघ." एकच गोष्ट तिला हवी होती. रविवारी दादाचा फोन येतो, त्यातलं दादा काय बोलतो ते.

मशीन आलं. कानात घातलं आणि त्यानं अशी शिट्टी मारली, की स्टँडवरच्या तीन एसट्या कंडक्टर न चढताच सुटल्या. आईनं ते उपसून ताकाच्या भांड्यामागं ठेवलं. मी वाळवून, पुसून परत पाठवलं. चार दिवसांत दुकानाच्या ॲपवर हिरवी खूण आली: रिफंड पूर्ण.

मी पासबुक भरून आणलं. काही नाही. पुन्हा भरलं. त्या छपाईच्या यंत्राला माझं तोंड पाठ झालं असावं. शेवटी दादाला फोन लावला.

"दादा, मशिनीचं पैसं तुझ्याकडं आलं का रं?"

"कसलं पैसं? खातं आत्ताच बघितलंय. दमडी न्हाई."

"ॲप तर पूर्ण म्हणतंय."

"मग तुझ्याकडंच आलं असतील. आलं असतील तर आलं म्हण की गड्या, मी कुठं मागतोय."

हे तो हसत म्हणाला, आणि तेच मला झोंबलं. मी म्हणालो, परमुलखात राहून माणूस हिशोब विसरतो वाटतं. तो म्हणाला, गावात राहून माणूस लबाडी शिकतो वाटतं. मग जे बोललो, त्यानं दोन्ही टोकांचे टॉवर तापले असतील. त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

मी तणतणत बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी माझा मोबाइल हातात घेतला, हिरव्या खुणेखालची बारीक इंग्रजी ओळ मोठी केली आणि म्हणाल्या, "काका, हे तुमच्या खात्यात कधीच येणार नव्हतं. पैसे ज्यातून गेले त्यातच परत जातात. इथं कार्डाचे शेवटचे आकडे आहेत बघा."

"पण भाऊ म्हणतो, त्याच्याबी खात्यात न्हाईत."

"खात्यात कसे दिसतील? क्रेडिट कार्डाचा रिफंड कार्डावर जमा होतो. तेवढं बिल कमी होतं. आणि दुकान 'पूर्ण' म्हणतं ते त्यांच्याकडून पैसे सोडले की. पुढं कार्डाच्या बँकेत नोंद व्हायला कामाचे काही दिवस जातात."

म्हणजे दुकान खरं होतं, दादा खरा होता, मी खरा होतो. एवढी खरी माणसं एकत्र आली आणि घर फुटलं.

"मग आता?"

"ॲपवर हा रेफरन्स नंबर आहे. तो भावाला द्या. त्यांनी कार्डाचं स्टेटमेंट बघायचं, नोंद नसेल तर हा नंबर घेऊन त्यांच्या बँकेला विचारायचं. कार्ड त्यांचं, म्हणून विचारायचंही त्यांनीच."

नंबर लांबलचक होता, तो मी पाठ केला. ऐकणारा तेवढा उरला नव्हता. मेसेज जात नव्हता. पाव्हण्याकडून निरोप दिला तर उलट निरोप आला, मला हिशोब शिकवू नको म्हणावं.

रविवार आला. दादाचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तेव्हा आईच्या मोबाइलवरून मीच लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्या हातात दिला.

"आये?" दादाचा आवाज. मऊ. "बरी हायेस न्हवं?"

आई त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिली. मग आपणच बोलू लागली, म्हैस व्यायली, शेजारच्यांनी कूपनलिका मारली, तू जेवतोस का वेळेवर.

तो पलीकडं सगळ्याला व्हय, व्हय म्हणत होता. मी वाकलो आणि म्हणालो, "दादा, कार्डाचं बिल बघ, पैसं तिथं..."

फोन तुटला.

आई बोलतच होती. मधेच तिनं माझ्याकडं मान वळवली.

"ऐकतोय न्हवं त्यो?"

मी मान हलवली. "ऐकतोय."

मग तिनं त्याला द्राक्षांचं सांगायला घेतलं.