डबल डेकचं गिऱ्हाईक

नगरजवळच्या भिंगारमधलं अण्णांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान रिकामं करायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली. "माल मी इकनार. तू मधे पडायचं न्हाई." मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला मधे पडायची सवयच आहे. तरीही मी हो म्हणाले. दुकानमालकाने महिनाअखेरची मुदत दिली होती, आणि अण्णांचे हात थरथरायला लागल्यापासून सोल्डरिंग तसंही बंदच पडलं होतं.

मी त्यांच्या फोनवर जुन्या वस्तू विकायचं एक ॲप टाकून दिलं आणि फोटो काढायला शिकवलं. भाव मात्र त्यांनीच ठरवले. कूलर उन्हाळ्याच्या तोंडावर लगेच जातो. मिक्सर चालू करून व्हिडिओ टाकला तरच लोक विचारतात. लाकडी पेटीचा रेडिओ बंद असला तरी पुण्याची माणसं नेतात, शोभेला ठेवतात. पिक्चर ट्यूबचे टीव्ही फुकट दिले तरी कुणी उचलणार नाही. हे सगळं त्यांनी फोन हातात घ्यायच्या आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. ओरखडा असेल तर त्याचाही फोटो टाकायचे. मी म्हणायचे, कशाला दाखवता? ते म्हणायचे, "दारात येऊन दिसलाच तर तोंड कुठं लपवू?"

सगळ्यात शेवटी ठेवला होता तो डबल डेक. दोन कॅसेटचा, दोन मोठ्या स्पीकरचा टेप. नव्वदच्या दशकात एका सुभेदाराची बदली झाली तेव्हा अण्णांनी तो घेतला होता. छावणी जवळ असल्याने आमच्या दुकानाचा निम्मा धंदा फौजींचा. हुकूम आला की दोन दिवसांत बिऱ्हाड हलायचं. कुणी वस्तू विकून जायचा, कुणी दुरुस्त झालेला टेप घेऊन जायचा आणि पैसे नव्या ठिकाणाहून मनिऑर्डरने यायचे. एकही पैसा बुडाला नाही, असं अण्णा सांगायचे. मी लहानपणी त्या मनिऑर्डरच्या पावत्यांवरची गावं नकाशात शोधायचे.

डबल डेक कुणाला द्यायचा, हे त्यांचं पक्कं होतं. "जो वाजवील त्याला. शोभेला न्हाई." त्यासाठी त्यांनी थरथरत्या हातांनी कॅसेट फिरवणारे रबरी बेल्टही नवीन टाकले. एक बेल्ट बसवायला त्यांना अख्खी सकाळ लागली.

आधी मात्र उरलेला एक कूलर विकायचा होता. त्यासाठी फोन आला. "अंकल, हम फौजी हैं, आपके ही कैंट में पोस्टिंग है." वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आलं. साडेतीन हजार सांगितले तर साडेतीन हजार कबूल, एक रुपया कमी करा म्हणाला नाही. कूलर न बघता! गाडी पाठवून नेतो, पैसे आधी घ्या, म्हणाला. मग एक कोड पाठवला. हा पैशांच्या ॲपमध्ये उघडा, पाच रुपये आणि पिन टाका, खातं बरोबर आहे का बघतो. अण्णांचे पाच गेले आणि दहा परत आले. विश्वास बसला. पुढच्या कोडला त्यांनी पिन टाकला आणि साडेतीन हजार गेले. "उलटं गेलं अंकल, आता सात हजारांचा कोड पाठवतो, दोन्ही एकदम मिळतील." अण्णांनी पुन्हा पिन टाकला आणि तेही सात हजार गेले. मग त्याचा फोन बंद झाला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे वाक्य मी त्यांना सांगितलंच नव्हतं. फोटो कसा काढायचा ते दोन दिवस शिकवलं आणि हे राहिलं. शाळेतून आल्यावर मला कळलं आणि माझं तोंड सुटलं. "तुम्हाला कळत नाही तर कशाला हात लावता फोनला?" बाप समोर खाली मान घालून बसला आहे आणि मी पाचवीच्या पोरांना बोलते तशी बोलते आहे. सायबर हेल्पलाइनला तक्रार केली, बँकेत गेलो. पैसे तोवर त्या खात्यातून पुढे गेले होते. पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, "फौजी हाय सांगूनच फसवत्यात. नगरची मानसं लगीच इस्वास ठिवत्यात."

घरी आल्यावर अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. "घे. तूच कर." मला त्या वेळी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी विकायला बसले. नियम पक्के केले : समोर यायचं, वस्तू बघायची, पैसे पाठवले म्हणून दाखवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही, आपल्या खात्यात दिसले तरच वस्तू उचलायची. कूलर असाच गेला, इस्त्र्या गेल्या. आणि एका दुपारी डबल डेकसाठी निरोप आला : 'मी आर्मीत आहे. बेल्ट बदललेत का? दोन्ही डेक रेकॉर्ड करतात का? पाचशे कमी होतील का?'

मी पहिल्या वाक्यापुढे वाचलंच नाही. आर्मी दिसलं आणि डोकं तापलं. त्याला ब्लॉक केलं. माझ्याच नियमाप्रमाणे नुसतं 'येऊन बघा' लिहायचं होतं. चोर असता तर आला नसता. अण्णांना काही सांगितलं नाही.

महिना संपला. घर दोन खोल्यांचं, उरलेला माल ठेवायला जागा नव्हती. भंगारवाल्याचा टेम्पो टीव्ही न्यायला आला तेव्हा मी विचारलं, "अण्णा, डेकपण देऊ का? कुणी विचारत नाही." ते म्हणाले, "दे." एवढंच. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ली द्यायला दुकानात गेलो, तर शटरपाशी मोटरसायकल घेऊन एक जवान उभा होता, मागे त्याची बायको, हातात कॅसेटची पिशवी. फोटोत दुकानाची पाटी दिसली, म्हणून विचारत आला होता. "तुम्ही उत्तर दिलं नाही, म्हटलं स्वतःच यावं. वडिलांच्या आवाजाच्या कॅसेट आहेत. ते गेले. घरात वाजवायला काही नाही."

मी गाडी काढून भंगारवाल्याकडे पळाले. स्पीकर फोडून लोहचुंबक आणि तांबं काढून झालं होतं. डेकची उघडी चौकट ढिगावर पडली होती, नवे काळे बेल्ट अजून आत होते.

परत आले तेव्हा ते दोघं गेले होते. अण्णा रिकाम्या दुकानात स्टुलावर बसले होते. त्यांनी हात पुढे केला. "काय लिवलं हुतं त्यानं, दाखव."

ब्लॉक केलं तरी निरोप फोनमध्ये राहतो. मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो हळूहळू वाचला, दोनदा. मी म्हणाले, "मला वाटलं तोच चोर पुन्हा आला." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"चोरानं मला कूलरचं काय बी इचारलं न्हवतं," ते म्हणाले. "ह्यानं बेल्टचं इचारलंय. मला दाखवायचं हुतंस." मग फोन परत देऊन ते उठले आणि शटर ओढायला लागले. शटर त्यांच्या हातांनी खाली येईना. मी पुढे झाले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एवढं तरी मला करू दे."