बाबागाडी डिकीत, लेकरू खिडकीतून

पाठीनं दगा दिला तेव्हा मुलगा अडीच वर्षांचा होता. डॉक्टरांनी बजावलं, लेकराला उचलायचं नाही. अडीच वर्षांच्या पोराला न उचलता कसं वाढवतात, ते मात्र सांगितलं नाही. मग भावानं नागपूरहून बाबागाडी आणून दिली. आर्णीच्या रस्त्यावर ती निघाली की लोक वरात बघावी तसे थांबायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

त्या दिवशी पाठ दाखवायला यवतमाळला जायचं होतं. सासूबाई फुलसावंगीला लेकीकडे गेलेल्या, नवरा दुकानात, म्हणून मुलगा माझ्यासोबत. बसस्थानकाच्या फलाटाला उंच पायऱ्या आणि एका टोकाला उतार आहे. त्या उतारावर तीन मोटारसायकली लावलेल्या. मी आरडाओरडा केला तेव्हा फळांच्या गाडीवरचे एक चाचा आले आणि त्यांनी एक मोटारसायकल सरकवली. म्हणाले, "बेटी, ये रास्ता तुम्हारे वास्तेच है, पर सुनता कौन?" घामाघूम होऊन मी बाबागाडी वर चढवली. आणि बस आली ती फलाटाला लागलीच नाही. आवाराच्या मधोमध उभी राहिली. पुन्हा तोच उतार, त्याच मोटारसायकली.

खाली पोचेपर्यंत दाराशी झुंबड उडाली होती. आमच्याकडे माणूस दारातून नंतर चढतो, आधी खिडकीतून जागा धरतो. रुमाल, पिशवी, टोपी, हाती लागेल ते आत टाकतो. तासभर उभ्यानं गेले असते तर माझी पाठ पार कामातून गेली असती. आधीपासून खिडकीशी बसलेल्या एका बाईनं बाहेर हात काढले. "लेकरू द्या बाई इकडं. बाजूच्या सीटवर ठेवतो, तुमची जागा राहीन."

मी दिलं. मागच्या माणसानं त्याला उचलून वर केलं आणि तो खिडकीतून आत गेला. जागा मिळाल्याचा मला आनंदच झाला, हे लपवत नाही.

दारात कंडक्टरनं अडवलं. "हे आत नाही जमत बाई. मांगं डिकी उघडी हाय, तिथं टाका." मी बसच्या मागे गेले. बाबागाडीचा खटका पायानं दाबला की ती मिटते. त्या दिवशी खटक्यात खडा अडकला. दाबला, लाथ मारली, वाकून बोटानं उकरला. पाठीत कळ आली. तेवढ्यात घंटी दोनदा वाजली.

बस हलली.

डिकीचं झाकण माझ्यासमोरून उघडंच्या उघडं निघालं. "लेकरू हाय आत! माझं लेकरू!" मी ओरडले, पण इंजिनच्या घरघरीत मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. बाबागाडी सोडून धावले. धावायचं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. बस गेटकडे वळली. एकदा का हायवेला लागली की मी काय करणार होते? त्या बाईचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. ती मधेच कुठं उतरली असती तर? स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता. जागेसाठी पोटचं पोर दिलं मी.

चाचांनी केळी तशीच टाकली आणि गेटात बससमोर आडवे उभे राहिले. दोन्ही हात वर. ब्रेक करकचून लागला. ड्रायव्हर शिव्या देऊ लागला, चाचा हलले नाहीत.

मी वर चढले तेव्हा आत सगळे एकदम बोलत होते. खिडकीतल्या बाईनं मुलाला मांडीवर घट्ट धरलं होतं आणि तीच रडत होती. "कवापासून सांगून राह्यलो याले, माय खाली हाय मनून! ऐकतच नाही." कंडक्टरचा चेहरा उतरला होता. "मले वाटलं तुमचंच लेकरू हाय, अन् गर्दीत ह्या बाईबी चढल्या," एवढंच तो तिला म्हणाला. मग खाली उतरला, चाचांनी ढकलत आणलेली बाबागाडी न मिटवताच डिकीत कोंबली आणि झाकण लावून आला.

मी हात पुढे केले. मुलगा रडत नव्हता. माझ्याकडे नुसता बघत होता. मांडीवर आला, पण यवतमाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. बिस्किट दिलं, नको. बाहेरचं माकड दाखवलं, बघितलं नाही.

यवतमाळला कंडक्टरनं दारात आडवा हात धरून सगळ्यांना थांबवलं आणि आम्हाला आधी उतरू दिलं. ती बाई तेवढी आमच्यापुढे उतरून खाली उभी राहिली. पायरी उंच होती, माझी पाठ ठणकत होती. तिनं मायेनं हात पसरले. "द्या, मी घेतो त्याले."

मुलानं दोन्ही मुठींनी माझी ओढणी पकडली.

"आई, मले देऊ नको," तो म्हणाला.