ग्रुपवरच्या गप्पा आणि लाल पेन

ही पोरगी आयुष्यात कधी कुणाला ‘नाही’ म्हणणार आहे का, हा घोर आईच्या जिवाला लागला होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता. घरात तिला सगळे गोगलगाय म्हणत. पोटात पाय असणारी गोगलगाय असती तर आईला हायसंच वाटलं असतं. हिच्या पोटात पाय नव्हतेच. कुणी पुढ्यात बोट नाचवलं की शिंगं आत.

गोगलगाय एका भाषांतराच्या कचेरीत होती. चष्म्याच्या दुकानावरचा मजला, सहा टेबलं, एक पंखा, आणि त्या पंख्याखालची जागा अर्थातच मुख्य तपासनिसाची. सध्या एका मोबाइल कंपनीचं काम आलं होतं. पाच दोस्तांच्या ग्रुपवरच्या गप्पा, सिनेमाला जायचं ठरवताना झालेल्या, इंग्रजीतून मराठीत करायच्या. कंपनीने स्वच्छ लिहून दिलं होतं की वाचताना हे पाचजण मुळात मराठीतच लिहीत होते असं वाटलं पाहिजे. नमुना उद्या अकरा वाजता जायचा होता. खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव असणार, आणि पुढच्या वर्षभराच्या कामाला कोणाला ठेवायचं ते कंपनी त्या नमुन्यावरून ठरवणार.

पोरीने आठवडाभर जीव ओतला होता. वहीत पाचही जणांची पानं केली होती. बँकेत नोकरी करणारी दर वाक्यात दोन-तीन इंग्रजी शब्द टाकते. गॅरेजवाला फक्त ‘प्लॅन’, ‘टाइम’ आणि गाड्यांच्या भागांची नावं घेतो. चिडले की सगळेच निव्वळ मराठीवर येतात. बस-स्टॉपवर उभी राहून ही लोकांची बोलणी ऐकायची. घरी आली की प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचायची, जीभ अडखळली की खोडायची. आईला आधी वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

आज संध्याकाळी ती आली ती तपासून मिळालेले कागद घेऊन. टेबलावर टाकले आणि तोंड धुवायला गेली, ती बराच वेळ बाहेरच येईना. आईने चष्मा लावला.

पोरीने लिहिलं होतं, ‘ए लोकेशन टाका ना पटकन, बॅटरी मरतेय.’ त्यावर लाल रेघ. वर सुवाच्य अक्षरात, ‘मित्रहो, माझा विद्युतघट क्षीण होत आहे, कृपया स्थळ त्वरित कळवावे.’

‘निघालोय रे, पाच मिनिटं’ याचं झालं होतं, ‘मी मार्गस्थ झालो आहे, पाच मिनिटांत उपस्थित होईन.’

आई मोठ्याने हसली. तिला वाटलं, मार्गस्थ झालेला हा प्राणी अंथरुणातून उठलेलासुद्धा नसेल. दोस्ताला असं लिहिणाऱ्याला ग्रुपवर कोण ठेवील? वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाचा चिटणीस करतील फार तर. चाळीस मेसेज, आणि चाळीसही जणू एकाच माणसाने फलकावर खिळ्याने ठोकलेले. बँकवाली आणि गॅरेजवाला आता सख्खी जुळी भावंडं झाली होती.

“कोणी केलं हे?” आईने विचारलं.

“शुद्धिपत्रकाने.” पोरगी टॉवेलमध्ये तोंड खुपसून म्हणाली. कचेरीत मुख्य तपासनिसाला सगळे पाठीमागे हेच म्हणत.

“मग तू काय म्हणालीस?”

“बरं म्हणाले.”

“धन्य आहे.”

“आई, तो ऐकतच नाही गं. म्हणतो, लोक अशुद्ध बोलतात म्हणून आपणही अशुद्ध लिहायचं का? आणि शेजारच्या टेबलावरची दुसऱ्याच टोकाला. ती म्हणते, कसंही कर, प्रत्येक मेसेजमध्ये दोन इंग्रजी शब्द घाल, मॉडर्न वाटतं. परवा तिने लिहिलं, ‘मी खूप हंग्री फील करतेय.’”

“असं कोण बोलतं?”

“कोणीच नाही. भूक लागली की माणूस ‘जाम भूक लागलीय’ म्हणतो. प्लॅन कॅन्सल होतो, लोकेशन पाठवतात, पण भूक लागतेच. ते मोजून ठरत नाही. तोंडात जे बसलंय ते ठेवायचं, नाही ते नाही. ‘ग्रुपवर’ म्हणताना कोणी थांबतं का, की आता मी इंग्रजी शब्दाला मराठी शेपूट लावतेय म्हणून?”

आई बघतच राहिली. गोगलगाय सलग एवढं बोलली होती. पण स्वयंपाकघरात. आईसमोर. तिथे ‘बरं’ आणि इथे व्याख्यान.

“मग उद्या हेच जाणार? तुझ्या नावावर?”

“हो. त्याचं नाव खाली नसतं. तपासनिसाचं नसतंच.”

म्हणजे विद्युतघट याचा आणि गळा हिचा. आईने कागद पुन्हा उचलले, नीट शिव्या देता याव्यात म्हणून. आणि समासात तिला ते दिसलं. प्रत्येक खोडलेल्या इंग्रजी शब्दापुढे एक लहानसं वर्तुळ आणि त्यात आडवी रेघ.

ती खूण तिची होती.

तिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली होती. निबंधात इंग्रजी शब्द आला की वर्तुळ, आडवी रेघ, अर्धा गुण वजा. मुलं चळाचळा कापायची तिला. एक होता, पहिल्या बाकावरचा, तेल लावून चप्प भांग पाडलेला, जो ‘टेबल’ला ‘मेज’ लिहून आणायचा आणि मान वर करून बाईंकडे बघायचा. तिने त्याला वर्गासमोर उभं करून पाठ थोपटली होती. तोच हा मुख्य तपासनीस. पोरीला त्याने तिथे चिकटवलं तेही तिच्याच शब्दावर. “बाईंची मुलगी म्हणजे प्रश्नच नाही,” असं म्हणाला होता तो.

मघाशी त्याला हसलेलं सगळं हसू आता तिच्यावरच उलटलं. शाबास बाई. घरी मात्र भाजीवाल्याला ‘प्लीज’, भावाला ‘ओके’, डॉक्टरला ‘बीपी’. रक्तदाब म्हणून ती आयुष्यात कधी कण्हली नव्हती. वर्गात तेवढा लाल पेन. आणि तो गाढव वीस वर्षं तो पेन टोपणसुद्धा न बदलता वापरतोय.

तिने फोनकडे हात नेला.

“आई.” पोरीने टॉवेल खाली ठेवला. “माझ्यासाठी कुणाला फोन करायचा नाही. कचेरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“बरं,” आई म्हणाली. घरात एकीला ते म्हणणं जमत होतंच, आता दोघी झाल्या.

पोरगी जेवली, ताट विसळलं, आपल्या खोलीत गेली. आत ती हलक्या आवाजात काहीतरी वाचत होती. आईने कान दिला. खोडलेलेच मेसेज वाचत होती ती, एकेकाचा आवाज काढून. गॅरेजवाला चिडला, “तुझं नेहमीचंय, ऐन वेळी टांग मारायची.” बँकवाली नाक मुरडून म्हणाली, “अरे मी कालच कन्फर्म केलं होतं ना यार.” अगदी खरी माणसं. उद्या अकराला ती पाचही मरणार होती, आणि त्यांच्या जागी पाच चिटणीस मार्गस्थ होणार होते.

आईने ठरवलं. पोरीसाठी फोन करायचा नाही, कबूल. पण आपण शिकवलेलं चुकलं, हे सांगायला स्वतःसाठी फोन करायला कोणाची बंदी आहे? त्याला सांगायचं, ते वर्तुळ परत घेतलं मी. एक मेसेज मोठ्याने वाच, बायकोसमोर वाच, आणि ती हसली नाही तर तसाच पाठव. हसली तर बाईंच्या मुलीचे कागद जसेच्या तसे पाठव. नाहीतर तुझ्या विद्युतघटाखाली तुझं नाव घाल.

पुढे तो पोरीचं काय करील, हे तिला ठाऊक नव्हतं. पोरगी तिला काय म्हणेल, हे चांगलं ठाऊक होतं.

तिने पोरीच्या खोलीचं दार अलगद ओढून घेतलं आणि नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.